‘हे मॉडेल सर्वोत्तम ठरले’ या वाक्यात काय काय राहून जाते

लासलगाव बाजार समितीतील कांद्याच्या भावावर शोधनिबंध लिहिणाऱ्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी मला आपला मसुदा वाचायला दिला. विश्लेषण तिने मनापासून केले होते, परंतु निष्कर्षांच्या भागातील मुख्य वाक्य असे होते: ‘विविध मॉडेलांची तुलना केली असता अरिमा मॉडेल सर्वोत्तम ठरले आणि त्याचे अंदाज प्रत्यक्ष भावांशी चांगले जुळले.’ संख्याशास्त्र शिकवताना मी असे वाक्य इतक्या वेळा वाचले आहे की त्यात खटकण्यासारखे काही आहे हे पटकन जाणवतही नाही. पण ‘विविध’ म्हणजे कोणती, ‘सर्वोत्तम’ कोणत्या कसोटीवर आणि ‘चांगले’ कशाच्या तुलनेत, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यात मिळत नाही. तो मसुदा दुरुस्त करताना आम्हाला जे जे करावे लागले, त्यावरून मॉडेलची निवड आणि पूर्वानुमान शोधनिबंधात कसे मांडावे हे येथे समजावून सांगतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पुढे येणारे मॉडेलचे आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून मी सोयीने घेतले आहेत. लासलगावच्या भावाविषयीचा निष्कर्ष म्हणून ते कोणी वापरू नयेत.

आधी भाव म्हणजे नेमका कोणता भाव, ते पाहू. समितीच्या नोंदीत दररोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर क्विंटलमागे रुपयांत असतात. शिवाय ज्या महिन्यांत जुना उन्हाळ कांदा चाळीतून निघत असतो आणि नवा लाल कांदाही येऊ लागलेला असतो, त्या महिन्यांत दोन्ही प्रकारांचे दर वेगवेगळे नोंदले जातात. मसुद्यात फक्त ‘मासिक भाव’ असे लिहिले होते. तो सर्वसाधारण दर होता की कमाल, दोन प्रकारांचा मेळ कसा घातला, रोजच्या दरांची सरळ सरासरी काढली की आवकेचे वजन देऊन काढली, आणि लिलाव बंद राहिलेल्या दिवसांचे काय केले, यातले काहीच वाचकाला कळत नव्हते. ही माहिती दोन वाक्यांत बसते. ती नसेल तर पुढचे सगळे आकडे कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येणार नाही. दुरुस्त मसुद्यात जानेवारी २०१० ते डिसेंबर २०२३ या १६८ महिन्यांचा, आवकेचे वजन दिलेला सर्वसाधारण दर आम्ही घेतला. त्यातील २०२२ आणि २०२३ हे शेवटचे २४ महिने बाजूला ठेवून, मॉडेल फक्त आधीच्या १४४ महिन्यांवर बसवायचे असे ठरवले.

अरिमा मॉडेल म्हणजे भावाच्या स्वतःच्या भूतकाळावरून पुढचा भाव सांगणारे समीकरण. कांद्याचा भाव हजारावरून दोन हजार होणे आणि दोन हजारांवरून चार हजार होणे या बाजाराच्या दृष्टीने सारख्याच उड्या आहेत, म्हणून भावाचा नैसर्गिक लॉग घेऊन काम करण्याची पद्धत आहे. विद्यार्थिनीने निवडलेले मॉडेल संगणकाच्या पडद्यावर `ARIMA(1,1,0)(0,1,1)[12]` असे दिसत होते. पहिल्या कंसातील मधल्या १ चा अर्थ असा की मॉडेल भावाच्या पातळीकडे न पाहता मागच्या महिन्यापासून झालेल्या बदलाकडे पाहते. त्याच्या आधीच्या १ चा अर्थ असा की मागील बदलाचा काही हिस्सा या महिन्याच्या बदलात उतरतो. दुसऱ्या कंसातील मधला १ हाच विचार वर्षाच्या अंतराने करतो, म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो, आणि शेवटचा १ गेल्या वर्षी त्या महिन्यात झालेल्या चुकीचा परिणाम धरतो. निबंधात हे चिन्ह नुसते छापून पुढे जाऊ नये. शेतमालाच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारा वाचक काळाच्या मॉडेलांतला जाणकार असेलच असे नाही, आणि वर दिलेली तीनचार वाक्ये त्याला पुरतात.

एआयसीची तुलना कोठे चालते आणि कोठे नाही

मसुद्यातील तक्त्यात पाच मॉडेले होती आणि प्रत्येकासमोर एआयसीचा आकडा होता. जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु आकाईके यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही कसोटी दोन गोष्टींची बेरीज करते: मॉडेल आकड्यांवर किती नीट बसले आहे याचे माप आणि त्यात वापरलेल्या प्रत्येक गुणकासाठी दोन गुणांचा दंड. आकडा जितका लहान तितके मॉडेल बरे मानायचे. नोंदी थोड्या असतील तर दंड किंचित वाढवणारे दुरुस्त एआयसी वापरतात. सुट्या आकड्याला मात्र काही अर्थ नसतो. अर्थ दोन मॉडेलांमधील फरकाला असतो, आणि तोही दोन्ही मॉडेले अगदी त्याच नोंदींवर, त्याच मापात बसवली असतील तरच.

तक्त्यात रुपयांवर बसवलेल्या मॉडेलचे एआयसी २०१० होते आणि लॉगवर बसवलेल्या मॉडेलचे १९. खाली टीप होती की लॉगचे मॉडेल १,९९१ गुणांनी सरस आहे. इतका प्रचंड फरक पाहिला की लेखकाने आनंदी होण्याऐवजी सावध व्हावे. येथे काय घडते ते एका साध्या प्रयोगाने समजते. समजा, आपण भाव क्विंटलऐवजी किलोमागे मांडला, म्हणजे प्रत्येक आकड्याला शंभराने भागले. कांदा तोच, महिने तेच, अंदाजांची गुणवत्ताही तीच. तरीही रुपयांवरील मॉडेलचे एआयसी २०१० वरून सुमारे ८०३ वर येते. कारण दोन वेळा बदल काढल्यावर हिशेबात उरलेल्या १३१ नोंदींपैकी प्रत्येक नोंद १०० च्या लॉगच्या दुप्पट, म्हणजे ९.२१ गुण कमी करते आणि १३१ गुणिले ९.२१ म्हणजे १,२०७ होतात. निव्वळ माप बदलल्याने हजाराहून अधिक गुणांचा फरक पडत असेल, तर वेगवेगळ्या मापांतील मॉडेलांची तुलना या कसोटीवर थेट करता येणार नाही, हे उघड आहे.

लॉग घेणे हाही मापातील बदलच आहे, फक्त तो प्रत्येक नोंदीसाठी वेगळा असतो. तुलना करायचीच असेल तर लॉगच्या मॉडेलच्या एआयसीमध्ये त्या १३१ महिन्यांच्या भावांच्या लॉगची बेरीज दुप्पट करून मिळवावी लागते. आपल्या उदाहरणात लॉगची सरासरी ७.१ धरली तर २ गुणिले १३१ गुणिले ७.१ म्हणजे १,८६० होतात, आणि त्यात १९ मिळवले की १,८७९ येते. आता २०१० विरुद्ध १,८७९ अशी तुलना झाली. लॉगचे मॉडेलच सरस ठरले, पण १३१ गुणांनी. निष्कर्ष बदलला नाही, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे विद्यार्थिनीने विचारले. माझे उत्तर असे होते की या वेळी बदलला नाही. ज्या वेळी बदलेल त्या वेळी ते चुकीच्या आकड्यावरून ओळखू येणार नाही.

लॉगच्या मापातील, दोन्ही कंसांत मधला १ असलेल्या चार मॉडेलांची तुलना मात्र रास्त होती. त्यांचे दुरुस्त एआयसी १९.२, १९.९, २१.० आणि २६.९ असे होते. पहिले मॉडेल ‘सर्वोत्तम’ म्हणून घोषित झाले होते. परंतु १९.२ आणि १९.९ यांतील ०.७ गुणांचा फरक इतका लहान आहे की आकडे या दोन मॉडेलांपैकी एकाची निवड करायला आपल्याला भाग पाडत नाहीत. दोन गुणांच्या आतील फरकाला फारसे महत्त्व न देण्याची प्रथा आहे, आणि त्या हिशेबाने तिसरेही मॉडेल शर्यतीत आहे. म्हणून येथे लिहायचे ते असे: ‘पहिल्या तीन मॉडेलांमध्ये दुरुस्त एआयसीच्या आधारे स्पष्ट फरक करता येत नाही, त्यांपैकी सर्वांत कमी मूल्याचे मॉडेल पुढील हिशेबासाठी घेतले असून इतर दोन मॉडेलांचे अंदाज त्याच्या जवळपासच आहेत.’ शेवटचे अर्धे वाक्य तपासून लिहावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

अवशेषांची तपासणीही याच परिच्छेदात येते. मॉडेल बसवल्यावर उरलेल्या चुकांमध्ये अजून काही साखळी शिल्लक आहे का, हे ल्युंग-बॉक्स कसोटी पाहते. २४ महिन्यांपर्यंतच्या अंतरासाठी कसोटीचे मूल्य २४.६ आले. मॉडेलमध्ये दोन गुणक असल्याने स्वातंत्र्य-मात्रा २४ नव्हे तर २२ धरायच्या, आणि मग संभाव्यता मूल्य ०.३२ येते. मसुद्यात यावर ‘मॉडेल योग्य असल्याचे सिद्ध झाले’ असे लिहिले होते. कसोटी एवढेच सांगते की साखळी शिल्लक असल्याचा पुरावा सापडला नाही. ज्या मॉडेलचे अंदाज निरुपयोगी आहेत तेही ही कसोटी आरामात पार करू शकते, आणि पुढे तेच झाले.

बदल की पातळी

सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय तक्त्यात कोठेच दिसत नव्हता. मॉडेलने बदलाकडे पाहायचे की पातळीकडे, हे सॉफ्टवेअरने आधीच ठरवून टाकले होते. R मधील `auto.arima` ही आज्ञा बदल काढायचा की नाही हे एआयसीवरून ठरवत नाही. त्यासाठी ती वेगळी सांख्यिकीय तपासणी करते आणि मगच उरलेल्या गुणकांसाठी दुरुस्त एआयसी वापरते. यामागे कारण आहे. बदल काढला की सुरुवातीच्या काही नोंदी हिशेबातून गळतात, आणि मग बदलाचे मॉडेल व पातळीचे मॉडेल यांचे एआयसी वेगवेगळ्या नोंदींवरून काढलेले असल्याने तुलनेला पात्र राहत नाही. म्हणजे ज्या निर्णयाचा अंदाजांवर सर्वाधिक परिणाम होतो, नेमका त्याच निर्णयाबाबत तक्ता गप्प असतो.

परिणाम किती होतो ते पाहा. बदलाच्या मॉडेलमध्ये मागील बदलाचा गुणक ०.३ आणि लॉगच्या मापात एका महिन्याची प्रमाण चूक ०.२५ धरू. एक महिना पुढच्या अंदाजाची प्रमाण चूक तेवढीच, ०.२५, राहते. पण बदलाच्या मॉडेलमध्ये प्रत्येक महिन्याचा धक्का कायमचा साठत जातो, त्यामुळे बारा महिन्यांनंतर ती १.२० होते. बारा महिन्यांनंतरचा मधला अंदाज क्विंटलला १,५०० रुपये असेल, तर ९५ टक्क्यांची पूर्वानुमान-मर्यादा १४३ रुपयांपासून १५,६८१ रुपयांपर्यंत पसरते. या मर्यादेत कांद्याचा जवळपास कोणताही भाव बसेल. चाळीत माल ठेवावा की विकावा असा प्रश्न पडलेल्या निफाडच्या शेतकऱ्याला हा अंदाज दाखवला, तर तो हसून विषय बदलेल.

आता दुसरे मॉडेल घेऊ. त्यात प्रत्येक महिन्याची स्वतःची सरासरी पातळी असते आणि त्या पातळीपासून भाव जितका ढळला असेल त्याचा ०.८५ हिस्सा पुढच्या महिन्यात उतरतो. एका महिन्याची प्रमाण चूक येथेही ०.२५ धरली तरी धक्के हळूहळू विरत जातात, आणि बारा महिन्यांनंतरची प्रमाण चूक ०.४७ वरच थांबते. त्याच १,५०० रुपयांभोवतीची ९५ टक्क्यांची मर्यादा आता ५९७ ते ३,७६७ रुपये अशी येते. एक महिना पुढचे पाहताना दोन्ही मॉडेले जवळजवळ सारखीच दिसतात. वर्षभर पुढचे पाहताना एक मॉडेल काहीच सांगत नाही, तर दुसरे काहीतरी कामाचे सांगते. त्याचे सांगणे खरे आहे की नाही, हा अर्थात पुढचा प्रश्न.

येथे केवळ संख्याशास्त्रावर विसंबून चालत नाही. कांद्याचे खरीप, रांगडा आणि उन्हाळ असे तीन हंगाम आहेत. भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, नवा माल बाजारात येतो आणि भाव उतरतो. पाच हजारांवर गेलेला भाव तेथेच मुक्काम करत नाही, हे लासलगावच्या आवारात कोणीही सांगेल. दुसऱ्या बाजूने, महागाईमुळे दशकभरात एकूण पातळी वर सरकते, हेही खरे आहे, आणि त्यासाठी घाऊक किंमत निर्देशांकाने भाव स्थिर किमतीत आणून पाहावे लागते. ही चर्चा निबंधात यायला हवी. बदल काढला असेल तर तो का काढला, याचे कारण आकड्यांच्या तपासणीइतकेच पिकाच्या अर्थकारणातही असले पाहिजे.

एआयसी जेथे थांबते तेथे प्रत्यक्ष अंदाज करून पाहणे हाच मार्ग उरतो. आम्ही डिसेंबर २०१८ पर्यंतच्या नोंदींवर दोन्ही मॉडेले बसवली, पुढच्या सहा महिन्यांचे अंदाज काढले, मग एक महिना पुढे सरकून पुन्हा तेच केले, आणि असे २०२१ च्या अखेरपर्यंत करत गेलो. यातून सहा महिने पुढचे ३१ अंदाज मिळाले. त्यांच्या चुकीची सरासरी बदलाच्या मॉडेलसाठी ७८० रुपये आणि पातळीच्या मॉडेलसाठी ६५० रुपये आली, म्हणून पातळीचे मॉडेल घेतले. २०२२ आणि २०२३ या वर्षांना या टप्प्यावर हात लावला नाही. ही शिस्त फार जण पाळत नाहीत: ज्या महिन्यांवर मॉडेल निवडले त्याच महिन्यांवरची चूक नंतर ‘अचूकता’ म्हणून छापली, तर ती नेहमी थोडी गोड येते, कारण निवड त्या महिन्यांना सोयीची म्हणूनच झालेली असते.

दोन्ही मॉडेलांसाठी R मधील आज्ञा अशा होत्या. येथे `p` ही मासिक भावांची मालिका, `m1` हे बदलाचे आणि `m2` हे पातळीचे मॉडेल आहे.

```r
library(forecast)
m1 <- auto.arima(log(p), d = 1, D = 1,
                 stepwise = FALSE, approximation = FALSE)
m2 <- Arima(log(p), order = c(1, 0, 0), xreg = seasonaldummy(p))
```

`stepwise = FALSE` लिहिण्याचे कारण असे की ती सूचना न दिल्यास आज्ञा सगळी मॉडेले न तपासता वाटेतल्या शेजारच्या मॉडेलांवरूनच निर्णय घेते. निबंधात ‘सॉफ्टवेअरने निवडलेले मॉडेल’ असे लिहायचे असेल, तर सॉफ्टवेअरला कोणत्या सूचना दिल्या होत्या हेही लिहावे लागेल.

कोणाच्या तुलनेत चांगले

आता बाजूला ठेवलेले २४ महिने उघडायचे. पातळीच्या मॉडेलची सहा महिने पुढच्या अंदाजांतील सरासरी चूक ५६० रुपये आली. हा आकडा मोठा की लहान? एकट्याने पाहिले तर सांगता येत नाही. म्हणून कोणतेही मॉडेल न वापरता करता येतील असे दोन अंदाज शेजारी ठेवले. ‘आजचा भावच सहा महिन्यांनी राहील’ या अंदाजाची चूक ६४० रुपये होती, आणि ‘गेल्या वर्षी त्या महिन्यात जो भाव होता तोच येईल’ या अंदाजाची ७२०. म्हणजे मॉडेलने पहिल्या साध्या अंदाजापेक्षा ८० रुपये वाचवले. एक महिना पुढच्या अंदाजात मॉडेलची चूक ३०५ आणि ‘आजचाच भाव’ या अंदाजाची ३२५ होती. वीस रुपयांचा हा फरक एखाद्या महिन्यानेही उलटू शकतो, आणि तसे स्पष्ट लिहिणे लेखकाच्या हिताचे आहे, कारण लिहिले नाही तर परीक्षक लिहील. सहा महिने पुढचे अंदाज तर २४ महिन्यांत फक्त १९ मिळतात आणि ते एकमेकांवर चढलेले असतात. एका महिन्यातील भाववाढ सलग अनेक अंदाज एकाच दिशेने चुकवते, म्हणून १९ स्वतंत्र परीक्षा झाल्या असे मानता येत नाही.

मसुद्यात चूक टक्क्यांमध्ये दिली होती. ती पद्धत कांद्याला मानवत नाही. भाव ५०० असताना अंदाज १,००० दिला तर चूक १०० टक्के होते. भाव ४,००० असताना अंदाज २,००० दिला तर चूक ५० टक्केच दिसते, वास्तविक रुपयांत ती चौपट आहे. या मापावर मॉडेल निवडले तर नेहमी कमी अंदाज देणारे मॉडेल जिंकते. चूक रुपयांत द्यावी, आणि वेगवेगळ्या बाजार समित्यांची तुलना करायची असेल तर साध्या अंदाजाच्या चुकीने भागून द्यावी.

मर्यादांचीही परीक्षा घेता येते, पण निबंधांत ती क्वचितच दिसते. ८० टक्क्यांची मर्यादा दिली असेल तर १९ पैकी साधारण १५ प्रत्यक्ष भाव तिच्या आत पडायला हवेत. पातळीच्या मॉडेलसाठी १४ पडले, म्हणजे ठीक. बदलाचे मॉडेलही कुतूहल म्हणून तपासले, तर १९ पैकी १९ आत होते. पहिल्या नजरेला हे यश वाटते. मर्यादा इतक्या रुंद होत्या की बाहेर पडायला जागाच नव्हती.

लॉगमधून परत रुपयांत येताना आणखी एक फसवी जागा लागते. लॉगच्या मापातील मधला अंदाज रुपयांत आणला की जो आकडा मिळतो तो सरासरी नसून मध्यक असतो. म्हणजे प्रत्यक्ष भाव त्याच्या वर जाण्याची आणि खाली राहण्याची शक्यता सारखी. सरासरी नेहमी त्याहून वर असते, कारण वरच्या बाजूला भाव कितीही उसळू शकतो आणि खाली मात्र शून्यापाशी थांबतो. लॉगमधील चुका घंटाकृती वाटपाच्या धरल्या, तर प्रमाण चुकीच्या वर्गाच्या निम्म्याइतकी वाढ लॉगमध्ये करून सरासरी मिळते. पातळीच्या मॉडेलमध्ये बारा महिन्यांनंतर १,५०० चा मध्यक असेल तर सरासरी सुमारे १,६७५ येते. बदलाच्या मॉडेलमध्ये तीच सरासरी ३,०७२ होते, म्हणजे मध्यकाच्या दुपटीहून अधिक. आलेखाखाली नुसते ‘अंदाज’ असे लिहिले तर यातला कोणता आकडा काढला आहे ते वाचकाने कसे ओळखायचे? शेतकऱ्याच्या एका वर्षाच्या निर्णयासाठी मध्यक समजायला सोपा आहे. अनेक वर्षांच्या उत्पन्नाचा एकूण हिशेब मांडायचा असेल तर सरासरी लागते. काय दिले आहे आणि का, हे एका वाक्यात सांगावे. मर्यादाही अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतील, आणि म्हणून ‘१,५०० अधिक-उणे अमुक’ अशी मांडणी येथे चुकीची ठरते.

शेवटी सरकारच्या निर्णयांचा मुद्दा. २९ सप्टेंबर २०१९ आणि १४ सप्टेंबर २०२० या दोन्ही दिवशी कांद्याची निर्यात बंद झाली, १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी आली. यांपैकी शेवटचे दोन निर्णय आमच्या परीक्षेच्या २४ महिन्यांतच पडतात, आणि ऑगस्टमधील शुल्कानंतर नाशिक जिल्ह्यातील लिलाव काही दिवस बंदच राहिले होते. ते महिने ‘अपवादात्मक’ म्हणून गाळावेत, असा मोह विद्यार्थिनीला झाला. मी तो मान्य केला नाही. शेतकऱ्याला ते महिने गाळता येत नाहीत, आणि ऐंशी टक्क्यांच्या मर्यादेच्या बाहेर पडलेले पाचही भाव कोणत्या महिन्यांचे आहेत हे सांगणे वाचकाला गाळलेल्या आलेखापेक्षा अधिक उपयोगी पडते. निर्यातबंदीसाठी वेगळा गुणक मॉडेलमध्ये घालता येतो, पण मग पुढच्या वर्षाचा अंदाज देताना बंदी येईल की नाही हे आधीच सांगावे लागते. ते माहीत नसेल तर ‘बंदी नसल्यास’ आणि ‘बंदी आल्यास’ असे दोन स्वतंत्र अंदाज देणे एवढाच मार्ग राहतो. मागच्या बंदीचा गुणक वापरून मागचेच महिने जुळवून दाखवणे म्हणजे पूर्वानुमान नव्हे.

या सगळ्यानंतर त्या एका वाक्याच्या जागी आलेला परिच्छेद असा होता:

> ‘लासलगावच्या मासिक सर्वसाधारण दराच्या लॉगवर, जानेवारी २०१० ते डिसेंबर २०२१ या काळातील नोंदी वापरून, बदलावर आधारित आणि पातळीवर आधारित अशा दोन गटांतील मॉडेले तपासली. प्रत्येक गटातील निवड दुरुस्त एआयसीवरून केली. बदलाच्या गटातील पहिल्या तीन मॉडेलांत स्पष्ट फरक आढळला नाही. दोन गटांमधील निवड २०१९ ते २०२१ या काळातील सहा महिने पुढच्या ३१ अंदाजांच्या सरासरी चुकीवरून केली (पातळी ६५० रुपये, बदल ७८० रुपये). निवडीत न वापरलेल्या २०२२–२३ या काळात पातळीच्या मॉडेलची सहा महिने पुढची सरासरी चूक ५६० रुपये होती; “आजचाच भाव राहील” या अंदाजाची चूक ६४० रुपये होती. एक महिना पुढच्या अंदाजात मॉडेलचा लाभ नगण्य आहे. ८० टक्क्यांच्या मर्यादेत १९ पैकी १४ भाव पडले. दिलेले अंदाज मध्यक आहेत आणि निर्यात धोरणातील बदल त्यांत धरलेले नाहीत.’

परिच्छेद लांबला, आणि नियतकालिकाच्या शब्दमर्यादेसाठी तिला साहित्य-समीक्षेतील जवळजवळ एक पान काढावे लागले. सारांशात मात्र दोनच आकडे ठेवले: ५६० आणि त्याच्या शेजारी ६४०.